वीस प्रश्न कुणाला आणि कशासाठी?

“ग्रंथालयाबद्दल वाचकांचं मत जाणून घ्यायचं आहे, वीसेक प्रश्नांची प्रश्नावली करून द्या.” प्रश्नावल्या तयार करणाऱ्यांकडे येणाऱ्या मागण्या बहुधा अशाच असतात. प्रश्न किती हवेत ते त्यांत असतं आणि कधीपर्यंत हवेत तेही असतं. पण कुणाला विचारायचं, उत्तरांवरून काय ठरवायचं आणि आलेली उत्तरं कशी मांडायची, या तीन गोष्टी नसतात. त्या कळल्याशिवाय पहिला प्रश्नसुद्धा नीट लिहिता येत नाही.

तालुक्याच्या गावातलं एखादं सार्वजनिक ग्रंथालय घ्या. सभासद कमी होताहेत म्हणून कार्यकारिणीला काळजी आहे. कार्यवाहांशी थोडं अधिक बोललं की खरा मुद्दा बाहेर येतो: ग्रंथालय संध्याकाळी सातला बंद होतं, ते नऊपर्यंत उघडं ठेवावं का? त्यासाठी एका माणसाचा जादा पगार द्यावा लागेल. हेतू सापडला तो इथे. ‘मत जाणून घेणं’ हा हेतू होत नाही, कारण कोणतंही उत्तर आलं तरी पुढे काय करायचं ते त्यातून ठरत नाही.

हेतू कळला की विचारायचं कुणाला, हेही बदलतं. काउंटरवर प्रश्नावल्या ठेवल्या तर त्या येणारे लोक भरतील, आणि ते येतात म्हणजे त्यांना सध्याची वेळ चालते. वेळेमुळे ज्यांचं येणं थांबलं, ते तिथे नसतातच. शंभर उत्तरांऐवजी पाचशे जमवली तरी ही उणीव भरून निघत नाही. इथे हवे आहेत गेल्या दोन वर्षांत सभासदत्व सोडलेले लोक. त्यांची नावं वर्गणीच्या रजिस्टरात असतात. त्यांना फोन करावा लागेल. तुलनेसाठी चालू सभासदांपैकी काहींना तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारावे लागतील.

आता प्रश्न. “ग्रंथालय रात्री नऊपर्यंत सुरू ठेवावं असं वाटतं का?” याला बहुतेक जण हो म्हणतील. हो म्हणायला काही पडत नाही. त्यापेक्षा घडलेलं विचारावं: “सभासद असतानाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, यायचं ठरवूनही ग्रंथालय बंद झालेलं असेल म्हणून किती वेळा येणं राहिलं?” पर्याय: एकदाही नाही, एक-दोनदा, तीन किंवा अधिक वेळा. चालू सभासदांसाठी फक्त सुरुवात बदलून “गेल्या तीन महिन्यांत” अशी करायची. दोन वर्षांपूर्वीचं नेमकं आठवणं कठीण, म्हणून अलीकडे सोडून गेलेल्यांना आधी गाठणं बरं.

उत्तरांची मांडणी शेवटी बघू, असं म्हणणं सगळ्यांत महाग पडतं. प्रश्न लिहिण्याआधी रिकामा तक्ता आखावा. आडव्या ओळी दोन, सोडून गेलेले आणि चालू सभासद. उभे रकाने तीन, वरच्या तीन पर्यायांचे. तक्त्यात जागा नसलेला प्रश्न काढून टाकावा. वय, शिक्षण, व्यवसाय सवयीने विचारले जातात, आणि मग समजा साठ उत्तरं चार वयोगटांत वाटली की प्रत्येक गटात सरासरी पंधराच माणसं उरतात. तिथे एका माणसाने उत्तर बदललं तर टक्केवारी जवळपास सातने हलते. अशा आकड्यावर पगाराचा निर्णय कसा घेणार? मोकळ्या उत्तरांचंही तसंच. तीन मोकळे प्रश्न आणि शंभर माणसं म्हणजे तीनशे उत्तरं कुणीतरी वाचून गटवार लावायची. तो माणूस आधीच ठरलेला असावा.

हे दुखणं छोट्या ग्रंथालयापुरतं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत त्याच कुटुंबांना अन्नावरचा खर्च सात दिवसांचाही विचारला गेला आणि तीस दिवसांचाही. आधीच्या १९९३-९४ च्या मोठ्या फेरीत अन्नासाठी तीस दिवसांचाच काळ होता. शेजारीशेजारी विचारल्यामुळे एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला असावा, असा आक्षेप आला. नियोजन आयोगाच्या अंदाजानुसार गरिबी सुमारे ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली होती. त्यातली खरी घट किती आणि प्रश्नाची मांडणी बदलल्याने दिसलेली किती, यावर अर्थतज्ज्ञ बराच काळ वाद घालत राहिले. जुन्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर प्रश्नही जुनाच ठेवावा लागतो, आणि ते विचारायला जाण्याआधीच ठरवावं लागतं.

ग्रंथालयाच्या पाहणीत सगळं नीट केलं तरी एक भोक राहतंच. सोडून गेलेल्यांपैकी काहींचे नंबर बदललेले असतील, काही गाव सोडून गेले असतील. म्हणून कार्यकारिणीपुढे तक्ता ठेवताना त्याखाली किती जणांना फोन लावले, किती लागले आणि किती जण बोलले, हे तीन आकडे लिहावेत. बोललेले अगदीच थोडे असतील तर वेळ वाढवण्याचा निर्णय या तक्त्यावर घेऊ नये. तीन महिने नऊपर्यंत दार उघडं ठेवून सातनंतर आलेल्यांची नोंद रजिस्टरात करावी.