नळ बंद, भिंतीत धाड!

टाकी थेट डोक्यावर आणि शॉवर मात्र नुसता ठिबकतोय, तर तळमजल्यावर बादली पटकन भरते. चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. टाकीतलं पाणी तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल, तेव्हा कुठे प्लंबरच्या भाषेत ‘एक किलो’ दाब मिळतो. वरच्या घरातल्या शॉवरला ही उंची जेमतेम तीन मीटर मिळते.

मग प्रेशर पंप येतो. पण त्याआधी घरातले सगळे नळ एकेक करून उघडून पाहावेत. एकाच नळाला पाणी कमी येत असेल, तर बहुधा त्याच्या तोंडाची जाळी गाळाने भरलेली असते किंवा अँगल कॉक अर्धवट बंद असतो. सगळीकडेच धार बारीक असेल, तर टाकीचा व्हॉल्व्ह पाहावा. जुन्या जीआय पाइपात आतून गंज चढून वाट अरुंद झालेली असते. तिथे पंपाने थोडा फरक पडेल, पण खरा इलाज पाइप बदलणं हाच. टाकी धुतल्यानंतर पाणी एकाएकी कमी झालं असेल, तर पाइपात हवा अडकलेली असू शकते.

हे सगळं ठीक असेल, तर पंप बसवावा. शॉवर जोमाने सुरू होतो, आणि वॉशिंग मशीन लावल्यावर भिंतीतून धाडकन आवाज येतो!

मशीनचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो आणि क्षणार्धात मिटतो. जुनी चकतीची तोटी फिरवत फिरवत बंद व्हायची, तेवढ्यात पाण्याचा वेग उतरायचा. इथे धावतं पाणी जागच्या जागी अडतं आणि दाबाची लाट पाइपातून उलट धावते. १८९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवरच्या प्रयोगांतून याचं गणित मांडलं: जितका वेग अचानक थांबला, तितका धक्का. लोखंडी पाइपात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाणारं पाणी झटक्यात थांबलं, तर सहा-सात किलोचा दाब उसळू शकतो. सीपीव्हीसी पाइप किंचित फुगतो, त्यामुळे त्यात धक्का बराच कमी बसतो. पण क्लॅम्प सैल असेल तर तोही भिंतीवर आदळतो.

पहिला उपाय फुकटचा. मशीनचा अँगल कॉक थोडा आवळायचा. पाण्याचा वेग उतरतो, आवाजही उतरतो. मशीन भरायला मात्र जास्त वेळ लागतो. फारच आवळला, तर पाणी येत नसल्याची खूण दाखवून मशीन थांबतं. जोडीला उघडे पाइप रबरी अस्तराच्या क्लॅम्पने पक्के करावेत.

तरीही आवाज राहिला, तर वॉटर हॅमर अरेस्टर. या छोट्या नळकांड्यात दट्ट्यामागे कोंडलेली हवा असते, ती धक्का पोटात घेते. पंपाजवळ बसवून त्याचा फारसा उपयोग नाही. तो मशीनच्या कॉकला लागूनच हवा. काही प्लंबर त्याऐवजी पाइपाचा बंद तोंडाचा उभा तुकडा लावतात. तोही चालतो, पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही काळाने धाडधाड पुन्हा सुरू होते. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामा करायचा, म्हणजे तुकड्यात पुन्हा हवा भरते.