विस्कटलेल्या निबंधाचा उलटा आराखडा

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांना टिपणं काढता येतात. ती बांधायची कशी, हे सांगणारं घरी कोणी नसतं. बी.ए.च्या अशाच एका विद्यार्थिनीचा रोजगार हमी योजनेवरचा सत्र-निबंध पार विस्कटला होता. आधी १९७२चा दुष्काळ, मग १९७७चा कायदा, पुन्हा दुष्काळ आणि मध्येच वि. स. पागे यांचं अख्खं चरित्र.

ग्रंथपाल मॅडमनी शुद्धलेखनाला हात लावला नाही, आणि ते योग्यच होतं. जे परिच्छेद पुढे गळणार, त्यांची भाषा सुधारण्यात वेळच जातो. त्यांनी परिच्छेदांना क्रमांक घातले आणि विचारलं, “हा परिच्छेद काय सांगतो गं? समासात एका वाक्यात लिही.” जिथे दोन वाक्यं लागली, तो परिच्छेद तोडायचा. जिथे एकही सुचलं नाही, ते नुसतं टिपण.

समासातली वाक्यं सलग वाचल्यावर निबंधाचा प्रश्न हाती लागला: दुष्काळातली तात्पुरती कामं कायदेशीर हक्क कशी बनली? मग क्रम ठरला. दुष्काळ एकदाच आला, पागे यांच्या चरित्रातून योजनेची कल्पना तेवढी उरली, त्यानंतर कायदा आणि १९७९पासूनची त्याची अंमलबजावणी.

या पद्धतीने क्रम लागतो, पुरावा मिळत नाही. ‘मजुरांची स्थिती सुधारली’ या वाक्याला आधारच नव्हता. त्यासाठी मॅडमनी तिला शासकीय अहवालांच्या कपाटाकडे नेलं.