अंगठी कुणाची, जहागीर कुणाची

अकराव्या शतकात जर्मनीत एखादा बिशप वारला, की त्याची अंगठी आणि त्याचा दंड राजाच्या दरबारी पोचवला जाई. राजा नव्या माणसाची निवड करी, त्या दोन्ही वस्तू त्याच्या हातात देई आणि म्हणे, ‘हे चर्च स्वीकार.’ अंगठी ही बिशपाच्या आपल्या चर्चशी लागलेल्या लग्नाची खूण, आणि वर वळलेला दंड म्हणजे मेंढपाळाची काठी. दोन्ही चिन्हं धर्माची, पण देणारा हात मात्र तलवार धरणारा. याच प्रथेवरून पोप आणि सम्राट जवळजवळ पन्नास वर्षं भांडले.

राजाला बिशप नेमण्यात एवढा रस का होता, हे वतनांची भांडणं ऐकलेल्या मराठी वाचकाला चटकन उमगेल. सरदाराला जहागीर दिली की ती त्याच्या मुलाकडे जाते, मग नातवाकडे, आणि दोन पिढ्यांत तो राजालाच डोळे दाखवू लागतो. बिशपाला मात्र कायदेशीर वारस नसतो. त्याला जमीन द्या, जकात वसूल करू द्या, नाणी पाडू द्या. तो मेला की सारं पुन्हा राजाच्या हाती येतं. म्हणून जर्मन राजांनी पिढ्यानपिढ्या बिशपांना जहागिरी दिल्या. त्या बदल्यात बिशप लिहिता-वाचता कारभारी पुरवत आणि लढाईला घोडेस्वारही पाठवत. अशा माणसाची नेमणूक दुसऱ्यावर सोपवणं म्हणजे अर्धं राज्य सोपवणं होतं.

रोममध्ये तेव्हा सुधारकांची एक पिढी पुढे आली होती. पैसे मोजून पदं विकत घेणारे बिशप आणि बायका-मुलांत रमलेले पाद्री यांना ती विटली होती. या रोगाचं मूळ राजेलोकांच्या हस्तक्षेपात आहे, असं तिचं निदान होतं. या पिढीतला सर्वांत हट्टी माणूस हिल्डेब्रांड 1073 मध्ये सातवा ग्रेगरी म्हणून पोप झाला. 1075 च्या त्याच्या दप्तरात सत्तावीस छोट्या वाक्यांची एक यादी सापडते. सगळ्या राजांनी फक्त पोपचे पाय चुंबावेत, असं तिच्यात आहे. पोप सम्राटालाही पदच्युत करू शकतो, असंही आहे.

समोर चौथा हेन्री होता. सहाव्या वर्षी तो राजा झाला. अकरा-बारा वर्षांचा असताना कोलोनच्या आर्चबिशपाने त्याला नावेत बसवून पळवून नेलं होतं, तेव्हा पोराने ऱ्हाईन नदीत उडी टाकली होती. धर्मगुरूंच्या सत्तेचा धडा त्याला पुस्तकातून मिळालेला नव्हता.

ठिणगी पडली ती मिलानमध्ये. तिथल्या आर्चबिशपाच्या गादीवर हेन्रीने आपला माणूस बसवला. ग्रेगरीने कडक पत्र धाडलं. जानेवारी 1076 मध्ये हेन्रीने वर्म्स शहरात जर्मन बिशपांची सभा भरवून उलट पत्र लिहवलं, त्यात ग्रेगरीला पोप न म्हणता ‘खोटा साधू’ म्हटलं आणि गादी सोडायला फर्मावलं. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने राजाला धर्मबहिष्कृत केलं आणि प्रजेला त्याच्याशी घेतलेल्या निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं.

खरा घाव या शपथेवरचा होता. त्या काळी राज्य शपथांवर उभं असे. राजावर आधीच खार खाऊन असलेल्या सॅक्सन आणि दक्षिणी सरदारांना आयतं कारण मिळालं. वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर आम्ही तुला राजा मानणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि निवाड्यासाठी पोपला ऑग्सबर्गला बोलावलं. पोप आणि सरदार एकत्र बसले तर आपला निकाल लागला, हे हेन्रीने ओळखलं. म्हणून ऐन हिवाळ्यात बायको आणि लहान मुलाला घेऊन तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरला आणि पोपला त्याने वाटेतच, कानोसाच्या किल्ल्यात गाठलं. किल्ला तस्कनीच्या मातिल्दाचा होता, आणि ती ग्रेगरीची खंदी पाठीराखी.

जानेवारी 1077 च्या अखेरीस राजवस्त्रं उतरवून, लोकरी कपड्यात, अनवाणी हेन्री तीन दिवस दारापाशी येत राहिला, असं खुद्द ग्रेगरीच्या पत्रात आहे. तीन दिवस बर्फात ताटकळत उभा असलेला राजा हे चित्र पुढच्या लोकांनी भडक रंगवलं. मला या प्रसंगात राजाचा अपमान कमी आणि डावपेच जास्त दिसतो. ग्रेगरी पोप असला तरी आधी पाद्री होता, आणि पश्चात्ताप करत दाराशी आलेल्याला पाद्री हाकलू शकत नाही. त्याने बहिष्कार उठवला. सरदारांना वाटलं, पोपने आपल्याला तोंडघशी पाडलं. त्यांनी दोन महिन्यांत दुसरा राजा उभा केला. यादवी पेटली. 1080 मध्ये ग्रेगरीने पुन्हा बहिष्कार घातला, हेन्रीने आपला वेगळा पोप उभा केला आणि 1084 मध्ये रोम घेऊन त्याच्याच हातून सम्राटपदाचा मुकुट चढवून घेतला. ग्रेगरीच्या मदतीला धावलेल्या नॉर्मनांनी शहर लुटलं, आणि रोमकरांच्या रोषामुळे त्यांच्याबरोबर निघून गेलेला ग्रेगरी 1085 मध्ये सालेर्नोला वारला.

कानोसा सगळ्यांना माहीत असतं. पण या भांडणाची गाठ नेमकी कुठे होती, हे कळतं ते 12 फेब्रुवारी 1111 या दिवशी.

हेन्रीचा मुलगा पाचवा हेन्री बापाला हुसकावून गादीवर आला होता. नेमणुकीचा हक्क मात्र तोही सोडेना. तेव्हा पोप दुसरा पास्कल याने सरळ हिशेब मांडला: राजाला बिशप हवेत ते जमिनींमुळे. मग बिशपांनी राजाकडून मिळालेल्या जहागिरी, जकाती, टांकसाळी परत कराव्यात, देणग्या आणि दशमांशावर राहावं. राजाने अंगठी-दंडावरचा हक्क सोडावा. कागदावर याहून स्वच्छ तोडगा निघणं अवघड होतं. राज्याभिषेकाच्या दिवशी सेंट पीटर्समध्ये तो वाचला गेला आणि जर्मन बिशपांनी एकच गदारोळ केला. पोप आपल्याला न विचारता आपली जहागीर देऊन टाकतो म्हणजे काय! त्या जमिनींवर जगणारे सरदारही खवळले. अभिषेक राहिला बाजूला. हेन्रीने पोप आणि कार्डिनलांनाच कैद केलं. दोन महिन्यांच्या कैदेनंतर पास्कलने राजाला हवं ते लिहून दिलं. पुढच्याच वर्षी रोमच्या धर्मसभेने ते रद्द ठरवलं.

दोन्ही पक्ष ज्या बिशपांसाठी भांडत होते, त्यांना धर्मही हवा होता आणि जहागीरही. मग तडजोडीला एकच वाट उरली: माणूस एक ठेवून पदाचे दोन भाग करायचे.

23 सप्टेंबर 1122 रोजी वर्म्सला, जिथून ते शिवराळ पत्र निघालं होतं त्याच शहरात, करार झाला. अंगठी आणि दंड राजाने सोडले. जहागिरीची खूण म्हणून तो राजदंडाचा स्पर्श करणार होता. बिशपाची निवड चर्चने करायची, पण जर्मनीत ती राजासमोर व्हायची आणि वाद झाल्यास त्याचं म्हणणं चालायचं.

कराराची खरी ग्यानबाची मेख क्रमात होती. जर्मनीत निवडलेल्या माणसाने आधी राजाकडून जहागीर घ्यायची आणि मग धर्मदीक्षा. म्हणजे नको असलेल्या माणसाला राजा दारातच अडवू शकत होता. इटली आणि बर्गंडीत मात्र दीक्षा आधी, आणि राजाने सहा महिन्यांत जहागीर द्यायची. तिथे बिशप राजापुढे येई तो अंगठी बोटात घालूनच.