पाऊस घाटात, पाणी सुतारवाड्यात

जुलैतल्या एखाद्या दुपारी कोल्हापुरात चक्क ऊन असते आणि त्याच वेळी पंचगंगेचे पाणी सुतारवाड्याकडे सरकत असते. पाऊस शहरात नसतो, तो गगनबावड्यात आणि राधानगरीत कोसळत असतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या तिथले पाणी घेऊन खाली येतात. राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि भोगावतीत आणखी भर पडते. हे सगळे पाणी शहरापर्यंत पोचायला काही तास लागतात. पूरग्रस्त भागातल्या माणसाला तयारीसाठी मिळतो तो वेळ हाच.

तालमी आणि तरुण मंडळे या वेळात मोबाइलवर सूचना फिरवतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण सूचना बहुधा या धर्तीची असते:

*“अतिमहत्त्वाचे! हवामान खात्याचा रेड अलर्ट. पुढील २४ तासांत अतिवृष्टी. धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा धोक्याच्या पातळीकडे. नदीकाठच्या सर्व नागरिकांनी सतर्क राहावे, विनाकारण घराबाहेर पडू नये, योग्य ती काळजी घ्यावी. मदतीसाठी ११२, १०८, १०७७, १०७०, १०१ किंवा आमच्या कार्यकर्त्यांशी संपर्क साधावा. जास्तीत जास्त शेअर करा.”*

यात खोटे काही नाही, तरी सुतारवाड्यातल्या बाईने हे वाचून नेमके काय करायचे ते कळत नाही. उलट “घराबाहेर पडू नये” हा सल्ला तिच्यासाठी घातक आहे, कारण तिला घर सोडायचे आहे. घरात थांबायला सांगायचे ते वरच्या भागातल्या लोकांना, जे नदी बघायला पुलावर गर्दी करतात. दोघांना एकच वाक्य लिहिले की ते एकाला तरी चुकीचेच ठरते. म्हणून पहिली दुरुस्ती अशी: “सर्व नागरिक” काढायचे आणि प्रत्येक भागासमोर त्याचे काम लिहायचे.

भाग ठरवायला पावसाचा इशारा पुरत नाही. हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे रंग जिल्ह्यासाठी असतात आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा अनेकदा वेगळा दिलेला असतो. तो शहराचा म्हणून पुढे पाठवला की दिवसभर ऊन पाहिलेले लोक दुसऱ्या वेळी विश्वास ठेवत नाहीत. गल्लीसाठी खरा आकडा राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीचा. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. किती फुटांना पाणी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी येते, हे तिथल्या जुन्या रहिवाशांना पाठ असते. मंडळाने मे महिन्यातच त्यांच्याकडून तशी यादी करून घ्यावी. “मच्छिंद्री झाली” म्हटले की जुन्या कोल्हापूरकराला शिवाजी पुलाशी पाणी कुठवर आले ते समजते. गेल्या वर्षी भाड्याने राहायला आलेल्याला समजत नाही. त्याच्यासाठी गल्लीचे नावच हवे.

आता वेळेचा हिशेब. समजा दुपारी २ वाजता पातळी ४० फूट २ इंच होती आणि ५ वाजता ४० फूट ८ इंच झाली. म्हणजे तासाला २ इंच वाढ. ४३ फुटांना २८ इंच बाकी आहेत. याच गतीने १४ तास, म्हणजे सकाळचे ७. पण सूचनेत “सकाळी ७ वाजता धोका पातळी” असे मुळीच लिहू नये. धरणातून विसर्ग वाढला की हा हिशेब कोलमडतो, आणि पातळीचा अंदाज जाहीर करणे हे प्रशासनाचे काम आहे. कार्यकर्त्यांनी या हिशेबातून एवढेच घ्यायचे की पाणी रात्रभर वाढेल आणि सखल गल्ल्या धोका पातळीची वाट न पाहता उजेडातच रिकाम्या व्हायला हव्यात.

मदत क्रमांकांची नुसती रांग लावली की घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो फिरवतो, नाहीतर मंडळाच्या ग्रुपवर “बोट पाठवा” लिहून वाट पाहत बसतो. ग्रुपवर लिहिलेले नियंत्रण कक्षात नोंदले जात नाही, हे स्पष्ट सांगावे लागते. कोणता क्रमांक कशासाठी आणि फोनवर काय सांगायचे, एवढे दिले की निम्मा गोंधळ मिटतो. १०७० हा राज्याचा कक्ष आहे; गल्लीच्या सूचनेतून तो वगळला तरी चालतो. १०७७ हा जिल्ह्याचा, पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने तो लावताना आधी कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ जोडावा, नाहीतर फोन त्याच्याच जिल्ह्यात लागेल.

या सगळ्यातून नव्याने लिहिलेली सूचना, वरच्याच काल्पनिक आकड्यांवर, अशी होते:

पंचगंगा पूर सूचना: २३ जुलै, सायं. ५.३०
(पुढची सूचना रात्री ८.३० ला. त्यानंतर ही पुढे पाठवू नका.)

सुतारवाडा: आत्ताच निघा. अंधार पडायच्या आत दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात या.
शाहूपुरी कुंभार गल्ली, जयंती नाल्याकाठची घरे: सामान वर चढवा, पिशवी भरून ठेवा. निघण्याचा निरोप मिळताच निघा.
बाकी शहर: नदी बघायला येऊ नका, रस्ते मोकळे ठेवा.

नदी: राजाराम बंधारा, ५ वाजता ४० फूट ८ इंच, वाढते आहे. (माहिती: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन)

निघताना: गॅसचा रेग्युलेटर बंद. जमीन आणि हात कोरडे असतील तरच मेन स्विच बंद करा. औषधे, कागदपत्रे, चार्जर घ्या. जनावरे सोबत न्या; जमत नसेल तर दावे सोडा. पाण्याखालच्या बंधाऱ्यावरून किंवा रस्त्यावरून जाऊ नका. फूटभर वाहते पाणीही छोटी गाडी उचलते.

जीव धोक्यात: ११२. रुग्णवाहिका: १०८.
स्थलांतर, बोट, निवारा: १०७७ (बाहेरगावाहून ०२३१-१०७७).
फोनवर सांगा: गल्ली आणि जवळची खूण, माणसे किती, आजारी किंवा गरोदर कोणी, पाणी घोट्याला, गुडघ्याला की कमरेला.
सामान हलवायला गाडी: मंडळाचा नंबर. ग्रुपवर लिहिल्याने मदतीची नोंद होत नाही.

ही सूचना जुनीपेक्षा लांब आहे, पण ती सगळी कुणालाच वाचायची नाही; आपल्या भागाची ओळ, निघतानाची कामे आणि फोन एवढेच पाहायचे. म्हणूनच भाग वर आणि आकडे खाली. ती चित्र म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवावी, म्हणजे नंबरवर बोट ठेवताच फोन लागतो. भागांच्या ओळी रिक्षावरच्या भोंग्यातून जशाच्या तशा वाचता येतात, त्यामुळे मोबाइल नसलेल्या आजीपर्यंतही त्या पोचतात.

पाठवण्याआधी एक तपासणी करावी. सूचना त्या गल्लीतल्या एखाद्याला दाखवून मोबाइल काढून घ्यायचा आणि विचारायचे: तुम्ही कधी निघणार, कुठे जाणार, अडकलात तर कुणाला फोन करणार? एकाही उत्तराला तो अडखळला तर ती ओळ पुन्हा लिहायची. आणि रात्री ८.३० ची सूचना कबूल केली असेल तर पातळी स्थिर असली तरी ती पाठवायचीच. ती आली नाही तर लोक साडेपाचच्याच सूचनेवर मध्यरात्रीपर्यंत चालतात.