किलोमीटरचा सल्ला, नॉटची बोट

कोकण किनाऱ्यावर पूर्वी अंतर सांगायची रीत तासांची आणि वावांची होती. ‘मावळतीला तीन तास, वीस वाव पाणी’ एवढं म्हटलं की तांडेलाला जागा कळायची. बोटीचा वेग त्याच्या अंगवळणी पडलेला असे, त्यामुळे तासांतच अंतर आलं. सागरी मैल होता तो नकाशावर आणि मोठ्या जहाजांवर. 1929 साली मोनॅकोतल्या परिषदेत त्याची लांबी 1852 मीटर ठरली. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

पुढे जीपीएस आलं आणि हा मैल मासेमारी बोटीवरही रुळला. मग हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे मत्स्यक्षेत्राचे सल्ले येऊ लागले. त्यांत बंदरापासूनची दिशा, किलोमीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये खोली आणि अक्षांश-रेखांश. आकडेमोड टळेल असं वाटलं होतं. उलट ती सल्ला आणि यंत्र यांच्या सांध्यावर येऊन बसली.

समजा, हर्णैपासून पश्चिमेला 45 किलोमीटरवर जायचं आहे. 1.852 ने भागाकार धक्क्यावर कोण करत बसणार? किलोमीटर निम्मे करा आणि त्यात आठ टक्के मिळवा: साडेबावीस अधिक 1.8, म्हणजे 24.3 सागरी मैल. सात नॉटने जाणाऱ्या बोटीला साधारण साडेतीन तास. तोच 45 चा आकडा मैल समजून धरला तर साडेसहा तास होतात, आणि डिझेलचा अंदाज त्याच प्रमाणात फुगतो. निदान ही चूक डिझेल भरतानाच डोळ्यांवर येते.

नकाशावरची चूक अशी लगेच दिसत नाही. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, म्हणून अंतर नेहमी नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेवर मोजायचं. पश्चिमेला जाताना मात्र हात सहज खालच्या, रेखांशाच्या कडेकडे जातो. हर्णैच्या अक्षांशावर रेखांशाचा मिनिट सुमारे 1.77 किलोमीटरच भरतो. त्या कडेवर 24.3 मिनिटं मोजून खूण केली, तर बोट ठरल्या जागेच्या दोन किलोमीटर अलीकडेच थांबेल.

साडेतीन तासांचा अंदाजही शांत पाण्यापुरताच खरा. एक नॉटचा प्रवाह समोरून असला तर जमिनीच्या हिशेबाने वेग सहाच उरतो आणि वेळ चार तासांवर जाते. इंजिनाच्या फेऱ्यांवरून हे उमगत नाही. जीपीएसवर SOG पुढे दिसणारा आकडा जमिनीच्या हिशेबाचा, त्यामुळे वेळ त्यावरूनच काढावी. त्याआधी यंत्र नॉटवर लावलंय की किलोमीटरवर, तेवढं पाहून घ्यावं. बंदर सोडून अर्धा तास झाला की कापलेलं अंतरही बघावं. साडेतीनऐवजी तीनच मैल झाले असतील, तर पोचायची वेळ तेव्हाच बदलून घरी कळवता येते.