‘मतदान करणार का?’ हा प्रश्न वगळून केलेली पाहणी

राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी एक प्रकल्प करावा लागतो आणि दर वर्षी निदान एक गट ‘नवमतदारांमधील मतदान जागृती’ हा विषय घेऊन येतो. विषय चांगला आहे, मुलंही मनापासून कामाला लागतात. अडचण असते ती प्रश्नावलीत. पहिलाच प्रश्न ठरलेला असतो, ‘आपण मतदान करणार का?’, आणि त्याला जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. मग अहवालात लिहिलं जातं की आमच्या महाविद्यालयातील युवक जागरूक आहेत. प्रत्यक्षात निवडणुकीच्या दिवशी त्यातल्या बऱ्याच जणांची नावं यादीतच नसतात.

तालुक्याच्या गावातल्या आमच्या महाविद्यालयात या वेळी वर्गाने हा प्रश्नच काढून टाकला. मतदान करणं चांगलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे समोरचा माणूस विचारतोय म्हटल्यावर तोंडातून ‘हो’ आपसूक निघतं. लोकांचं मत विचारणाऱ्या जगभरच्या पाहण्यांना हा अनुभव आहे. आपण मतदान केलं असं सांगणारे लोक मोजलेल्या मतांपेक्षा नेहमीच जास्त भरतात. म्हणून जागृती मोजायची तर इच्छा विचारण्यात अर्थ नाही. पडताळून पाहता येईल अशी गोष्ट विचारायला हवी.

वर्गाने त्याऐवजी तीन साधे प्रश्न ठेवले. तुमचं नाव मतदार यादीत आहे का? असेल तर कोणत्या गावच्या यादीत? आणि ते तुम्ही स्वतः कधी पाहिलं आहे का? तिसरा प्रश्न लहान दिसतो, पण सगळी गंमत त्यात आहे. अनेकांच्या हातात मतदार ओळखपत्र असतं, म्हणून नाव यादीत असणारच असं ते धरून चालतात. कायद्याची बाजू नेमकी उलटी आहे. यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवलं असेल, तर आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा चालतो. ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, अशा माणसाला मात्र मत देता येत नाही. ज्याने यादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एकदा तरी डोळ्यांनी पाहिला आहे, तो खऱ्या अर्थाने तयार मतदार.

अठरा पूर्ण, तरी नाव नाही

पुढचा प्रश्न होता, नाव नसेल किंवा असूनही मत देता आलं नसेल, तर का नाही? मुलांनी आधी पर्याय लिहिले होते ते असे : रस नाही, वेळ मिळाला नाही, कागदपत्रं नाहीत, राजकारणावर विश्वास नाही. हे चार पर्याय वाचले की दोष तरुणांचाच आहे असं आधीच ठरून जातं. एका मुलीने हात वर करून विचारलं, ‘‘सर, माझं वय यादीच्या तारखेनंतर भरलं. मी यातलं कुठलं लिहू?’’

तिचा प्रश्न रास्त होता. मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 61व्या घटनादुरुस्तीने, 1989 साली. पण 18 वर्षं कोणत्या दिवशी पूर्ण हवीत, हे वेगळं ठरतं. पूर्वी वर्षाला 1 जानेवारी ही एकच तारीख धरली जायची, त्यामुळे 2 जानेवारीला जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे. 2021च्या कायदादुरुस्तीनंतर 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. शिवाय 17 वर्षं पूर्ण झाली की अर्ज आगाऊ देऊन ठेवता येतो.

स्थानिक निवडणुकांत आणखी एक वळण असतं. नगरपरिषदा, जिल्हा परिषदा यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, त्या राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी वापरतो, पण एका ठरावीक तारखेची. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसाठी 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झालं, तेव्हा 1 जुलै 2025ची यादी ग्राह्य धरली होती. आता 10 जुलै 2007 रोजी जन्मलेली मुलगी घ्या. 10 जुलै 2025ला तिला 18 पूर्ण झाली. मतदानाच्या दिवशी तिचं वय 18 वर्षं आणि जवळपास पाच महिने होतं, तरीही त्या यादीत तिला जागा नव्हती. पाहणीत तिने नाइलाजाने ‘वेळ मिळाला नाही’वर खूण केली असती, तर कागदावर ती बेफिकीर ठरली असती. वर्गाने पाचवा पर्याय जोडला : ‘यादीच्या तारखेपर्यंत वय पूर्ण झालं नव्हतं’. आणि प्रश्नावलीच्या सुरुवातीला जन्मवर्षाबरोबर जन्माची तिमाही विचारली, म्हणजे उत्तराचा ताळा घेता येतो.

सहावा पर्याय वसतिगृहातल्या मुलांनी सुचवला : ‘नाव गावाकडच्या यादीत आहे, पण मतदानाला जाता आलं नाही’. शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, दोहोंपैकी एकीकडे नाव ठेवता येतं. दोन्हीकडे ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. विद्यार्थ्यांना टपाली मतदानाची सोय नाही. त्यामुळे गावाकडे नाव ठेवलेल्या मुलासाठी मतदान म्हणजे एसटीचा प्रवास आणि बुडालेलं एखादं प्रात्यक्षिक. शिक्षणाच्या ठिकाणी नाव घालता येतं, हेच अनेकांनी कधी ऐकलेलं नसतं. इथे अनास्था आणि अज्ञान यांची फारकत करायला पाहणी उपयोगी पडते.

माहितीचे प्रश्न विचारतानाही सावध राहावं लागतं. ‘नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर काय होतं?’ हा प्रश्न सगळ्यांनाच आवडतो. 2013च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतदान यंत्रावर ‘नोटा’ आलं. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिलं आलं तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक निवडणुकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या 2018च्या आदेशानुसार फेरनिवडणूक होते. म्हणजे ‘फेरनिवडणूक’ हे उत्तर एकीकडे चूक आणि दुसरीकडे बरोबर. कोणती निवडणूक, हे प्रश्नात लिहिलं नाही तर नीट वाचलेल्या मुलालाच आपण शून्य गुण देतो.

नाव न लिहिणं म्हणजे गुप्तता नव्हे

प्रश्नावलीच्या माथ्यावर ‘आपली ओळख गुप्त राहील’ असं छापणं सोपं असतं. वर्गातल्या चाचणीत काय झालं ते सांगतो. कागदांवर नावं नव्हती, पण ते बाकांच्या रांगेनुसार गोळा झाले आणि त्याच क्रमाने गठ्ठ्यात राहिले. दोघांनी हिरव्या शाईने लिहिलं होतं. एका कागदावर तिसरं वर्ष, मुलगी, वसतिगृह आणि तालुक्याचं नाव होतं. त्या वर्गात अशी एकच मुलगी आहे. नाव न लिहिताही तिचा प्रत्येक शब्द ओळखता येत होता.

यावर केलेले उपाय साधे आहेत. गाव आणि तालुका हे रकाने काढून ‘याच तालुक्यातले’ आणि ‘बाहेरचे’ असे दोनच पर्याय ठेवले. उत्तरं खुणेने द्यायची, हाताने वाक्य लिहायचं नाही. कागद घडी घालून बंद पेटीत टाकायचे आणि पेटी उघडण्याआधी हलवायची. अहवालात पाचपेक्षा कमी जणांचा कोणताही गट वेगळा दाखवायचा नाही, तो शेजारच्या गटात मिसळायचा. मोबाइलवरचा फॉर्म वापरायचा झाला, तर ईमेल नोंदवण्याची सोय बंद आहे ना, हे आधी पाहायचं. पेटीची रीत मुलांनी शोधलेली नाही. सीएसडीएस संस्थेच्या ‘लोकनीती’ उपक्रमातही कोणाला मत दिलं हे तोंडी विचारत नाहीत. नमुन्याची मतपत्रिका हातात देतात आणि मतदार ती घडी करून पेटीत टाकतो.

एक प्रश्न मात्र पेटीनेही सुटत नव्हता : ‘मतासाठी दिलेले पैसे किंवा वस्तू तुमच्या घरात घेतल्या गेल्या का?’ देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे खरं कोण सांगणार? इथे वर्गाने नाण्याची युक्ती वापरायचं ठरवलं. तिचं मूळ अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅनली वॉर्नर यांनी 1965 साली मांडलेल्या पद्धतीत आहे. प्रत्येकाने आडोशाला नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’वर खूण करायची. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. आता ‘हो’ लिहिलेला कागद कोणाच्या हाती लागला, तरी ते उत्तर नाण्याचं की माणसाचं, हे कळायला मार्ग उरत नाही.

हिशोब असा मांडतात. समजा 120 जणांनी उत्तरं दिली आणि 78 जण ‘हो’ म्हणाले. छापा साधारण 60 जणांना पडला असणार, ते ‘हो’ वजा करायचे. उरले 18. हे 18 खरं उत्तर देणाऱ्या 60 जणांपैकी, म्हणजे 30 टक्के. एकाही विद्यार्थ्याचं गुपित न उघडता पूर्ण गटाचा अंदाज हाती येतो.

पण या अंदाजाची मर्यादाही अहवालात लिहावी लागते. 120 नाण्यांत छापा बरोबर 60 वेळा पडेलच असं नाही, तो 50 वेळा पडू शकतो किंवा 70 वेळा. पन्नास धरले तर खरं प्रमाण 40 टक्क्यांवर जातं आणि सत्तर धरले तर 16 टक्क्यांवर येतं. म्हणून एवढ्या लहान गटावरून ‘30 टक्के’ असा ठाम आकडा छापणं चूक आहे. ‘सुमारे सहाव्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं. आकडा घट्ट हवा असेल तर कित्येक पट मुलांना विचारावं लागेल, आणि तेही फक्त राज्यशास्त्राच्या वर्गात नव्हे. ज्यांनी हा विषय निवडला आहे त्यांच्या माहितीवरून विज्ञान-वाणिज्यच्या मुलांबद्दल बोलता येत नाही. त्यासाठी प्रत्येक शाखेच्या हजेरीपटावरून ठरावीक अंतराने नावं निवडायची आणि ती यादी उत्तरांपासून पूर्ण वेगळी ठेवायची.

पाहणीनंतरचं टेबल

गुप्तता नीट पाळली की एक अडचण उभी राहते. ‘नाव यादीत नाही’ असं सांगणारी मुलं नेमकी कोण, हे आपल्याला कळत नाही. त्यांना हाक मारून मदत करता येत नाही आणि ती करण्याचा मोहही धरू नये. पेटीतला कागद उघडून एखाद्याला गाठलं, की पुढच्या वर्षी कोणी खरं सांगणार नाही. म्हणून वर्गाने पाहणी आणि मदत यांची ठिकाणंच वेगळी केली. पेटी एका खोलीत आणि नाव नोंदवण्याचं टेबल ग्रंथालयाबाहेर. तिथे कोणीही यावं, यादीत नाव शोधावं, नव्या नोंदणीसाठी फॉर्म 6 भरावा, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म 8 भरावा. पाहणीत काय लिहिलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

या टेबलासाठी वर्गाने प्राचार्यांना दिलेली शिफारस मला अहवालातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते. नोंदणीचं शिबिर निवडणूक जाहीर झाल्यावर घेऊ नये, कारण तोवर यादीची तारीख बहुधा उलटून गेलेली असते. ते पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या आठवड्यात घ्यावं. त्या वेळी मुलांच्या हातात जन्मतारखेचा दाखला आणि पत्त्याचा पुरावा असतोच, आणि ज्यांची 17 पूर्ण झाली आहेत त्यांचा आगाऊ अर्ज तिथेच भरून होतो. वय 18 झालं की त्यापुढच्या तिमाहीच्या तारखेला नाव यादीत येतं. निवडणूक कधीही लागो, यादीच्या तारखेमुळे बाहेर राहणाऱ्या मुलांची संख्या त्याने कमी होईल. आणि ती खरंच कमी झाली का, हे पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच पाचव्या पर्यायाखालच्या खुणा मोजून पाहता येईल.