सरासरीत कोण किती मोजले गेले?

आटपाडीत आमचे एक छोटे अभ्यासमंडळ आहे. त्यात दोन शिक्षक, काही विद्यार्थी आणि शेतमजुरांच्या प्रश्नांवर काम करणारे तीन-चार कार्यकर्ते असे आम्ही जमतो. काही महिन्यांपूर्वी ह्या भागातील मजुरीविषयीचा एक पाहणी-अहवाल आमच्या हाती आला. तो कोणत्या संस्थेने केला हे सांगण्याचे कारण नाही, कारण त्यातील चुका अनेक अहवालांत आढळतात. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता : शेतमजुराची खरी मजुरी गेल्या वर्षात किंचित वाढली आहे. ही एक ओळ हाती धरून मजुरीवाढीची मागणी परतवून लावता येते. त्यामुळे ती आम्हाला तपासून पाहणे भाग होते.

तपासताना आमच्या लक्षात आले की अहवालातील मूळ आकडे बहुतेक बरोबर होते. पाहणी करणारी मुले वस्त्यांत फिरली होती, त्यांनी प्रामाणिकपणे नोंदी केल्या होत्या. बिघाड झाला होता तो आकडे एकत्र करताना. कोणत्या आकड्याला किती वजन द्यायचे, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘भार’ किती द्यायचा, तेथे. ही तपासणी कशी केली ते येथे मांडतो. सोयीसाठी मी अहवालातील आकडे बदलून गोल केले आहेत. हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

पहिला प्रश्न सरासरी मजुरीचा. एका कोष्टकात पुरुषांची रोजची मजुरी ४०० रुपये, स्त्रियांची २५० रुपये आणि एकूण सरासरी ३२५ रुपये दिली होती. दोन गटांचे आकडे आणि एकूण सरासरी हाती असली, की लेखकाने कोणाला किती भार दिला हे त्याला न विचारताही काढता येते. सरासरीतून लहान आकडा वजा करावा : ३२५ वजा २५० म्हणजे ७५. मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करावा : ४०० वजा २५० म्हणजे १५०. पहिल्याला दुसऱ्याने भागावे. उत्तर अर्धे येते. म्हणजे पुरुषांना निम्मा भार, स्त्रियांना निम्मा. हे उत्तर शून्याहून कमी किंवा एकाहून जास्त आले, तर ती सरासरी दोन्ही आकड्यांच्या बाहेर गेली आहे, म्हणजे बेरजेतच चूक आहे, असे समजावे.

निम्मा भार कोठून आला? पाहणीत ५० पुरुष आणि ५० स्त्रिया होत्या. लेखकाने डोकी मोजली. पण ‘रोजची सरासरी मजुरी’ म्हणजे कामाच्या एका दिवसामागे मिळालेली मजुरी. तेथे भार डोक्यांचा नव्हे, दिवसांचा असला पाहिजे. दिवसांची नोंद त्याच अहवालात दुसऱ्या पानावर होती. पाहणीच्या महिन्यात खुरपणी आणि काढणीची कामे चालू असल्यामुळे स्त्रियांना सरासरी १२ दिवस काम मिळाले होते, पुरुषांना ८ दिवस. म्हणजे स्त्रियांचे ६०० मजूरदिवस आणि पुरुषांचे ४००. आता हिशेब असा होतो : ४०० दिवसांचे प्रत्येकी ४०० रुपये, म्हणजे १,६०,००० रुपये, ६०० दिवसांचे प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे १,५०,००० रुपये. एकूण ३,१०,००० रुपये हजार दिवसांत वाटले की ३१० रुपये येतात. अहवालाने दिवसामागे पंधरा रुपये फुगवले होते, आणि ते फुगले होते कारण बाईच्या कामाचे दिवस कमी मोजले गेले होते.

दुसरा प्रश्न महागाईचा. मजुरी रुपयांत वाढली तरी वस्तू त्याहून जास्त महागल्या, तर मजुराच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून वाढलेल्या मजुरीला किंमतींच्या निर्देशांकाने भागतात. निर्देशांक हीसुद्धा भारित सरासरीच असते. अन्न, इंधन, कपडे, औषधपाणी, प्रवास अशा प्रत्येक गटाची दरवाढ घ्यायची आणि कुटुंबाच्या खर्चात त्या गटाचा जेवढा वाटा असेल तेवढा भार तिला द्यायचा. म्हणूनच येथे विचारायचे ते हे, की कोणाच्या घरचा खर्च?

शासकीय आकडे पाहिले म्हणजे हा फरक किती मोठा असतो ते कळते. शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची १९८६-८७ ह्या पायाभूत वर्षाची मालिका १९८३ सालच्या खर्च-पाहणीवर बेतलेली होती. तिच्या अखिल भारतीय भारांत अन्नाला शंभरात ६९.१५ एवढा वाटा होता. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेये मिळून वाटा ५४.१८ होता. हा दुसरा निर्देशांक साऱ्या ग्रामीण जनतेचा आहे. त्यात बागायतदार आला, नोकरदार आला, दुकानदारही आला. आमच्या अहवालाने शीर्षकात ‘शेतमजूर’ असे म्हटले होते, पण भार मात्र ह्या दुसऱ्या मालिकेचे उचलले होते.

समजा, वर्षभरात अन्न १२ टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे ४ टक्क्यांनी. अन्नाला ५४.१८ भार दिला तर निर्देशांक १०० वरून सुमारे १०८.३ होतो. ६९.१५ दिला तर सुमारे १०९.५ होतो. आणि मजुरी वाढली आहे ९ टक्क्यांनी. पहिल्या भाराने मजुराची खरी मजुरी अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक वाढली असे निघते; दुसऱ्याने ती अर्ध्या टक्क्याने घटली असे निघते. किंमती त्याच, मजुरी तीच. केवळ भार बदलल्याने ‘वाढली’चे ‘घटली’ झाले.

येथे आमच्यातील एक तरुण कार्यकर्ता उत्साहाने म्हणाला, “मग सर, अन्नाला जास्त भार देणारा निर्देशांकच आपला!” त्याला मी उलटा हिशेब करायला सांगितला. अन्न ४ टक्क्यांनी आणि औषधपाणी, शाळा, प्रवास धरून बाकी सारे १२ टक्क्यांनी महागले असेल, तर? आता ५४.१८ भाराने निर्देशांक सुमारे १०७.७ येतो आणि ६९.१५ भाराने सुमारे १०६.५. म्हणजे अन्नाचा जड भार ह्या वेळी महागाई कमी दाखवतो. हा नुसता कल्पनेतला धोका नाही. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याखालची मजुरी २०११ पासून शेतमजुरांच्या ह्याच निर्देशांकाला जोडली गेली. त्यातील भार १९८३ च्या घरखर्चाचे होते, आणि २०१९ हे पायाभूत वर्ष असलेली नवी मालिका यायला २०२५ साल उजाडले. ह्या काळात शाळा, दवाखाना, वाहनाचे भाडे यांनी मजुराच्या खर्चात केवढी जागा घेतली हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा आपल्याला सोयीचे उत्तर देणारा भार निवडू नये. ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांचा, आणि शक्य तितका जवळच्या काळातला घरखर्च निवडावा. आमच्या अहवालापाशी तर त्या मजूर कुटुंबांच्या खर्चाची स्वतःची प्रश्नावली भरलेली होती. भार त्यातूनच काढायला हवे होते.

निर्देशांकावरून भांडण उभे राहणे महाराष्ट्राला नवे नाही. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक महागाई कमी दाखवतो अशी तक्रार केली, कारण त्यांचा महागाई भत्ता त्यावर ठरत होता. त्यासाठी मुंबई बंद झाली. शासनाने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तक्रारीत तथ्य असल्याचे समितीला आढळले. शेतमजुराच्या पाठीशी अशी संघटना क्वचितच असते. म्हणून त्याचा निर्देशांक तपासण्याचे काम आपल्यासारख्यांकडे येते.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो कोष्टकात दिसतच नाही. अहवालाच्या प्रस्तावनेत लिहिले होते की वस्तीच्या यादीत २०० घरे होती. कोष्टकांच्या तळाशी बेरीज होती १६०. मग ४० घरे गेली कोठे? एका तळटीपेत दोन शब्द होते : ‘बंद घरे’. पाहणी जानेवारीत झाली होती. माणदेशात जानेवारीत दाराला कुलूप का असते हे येथल्या पोरालाही ठाऊक आहे. माणसे ऊसतोडीला गेलेली असतात.

एखादा वर्ग गाळून उरलेल्यांची सरासरी काढणे म्हणजे त्या वर्गाला शून्य भार देणे होय. आणि ती सरासरी साऱ्या वस्तीची म्हणून छापणे म्हणजे, जे घरी नव्हते तेही घरी असलेल्यांसारखेच आहेत असे न बोलता गृहीत धरणे होय. निर्देशांकातही हेच घडते. उन्हाळ्यात विकत घेतलेल्या पाण्याचा खर्च यादीतून गाळला आणि उरलेल्यांचे भार पुन्हा शंभर केले, तर पाण्याचा दरही इतर वस्तूंइतकाच वाढला असे मानल्यासारखे होते.

समजा, घरी असलेल्या १६० कुटुंबांवर सरासरी १५,००० रुपये कर्ज निघाले. ऊसतोडीला जाणाऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती धरून बंद घरांचे कर्ज सरासरी ५०,००० असेल, तर साऱ्या वस्तीची सरासरी २२,००० होते. बंद घरांचा भार एकूण घरांचा पाचवा हिस्सा आहे, म्हणून त्यांच्या आकड्यात दहा हजारांचा फरक पडला की एकूण सरासरी दोन हजारांनी हलते. खरा आकडा माहीत नसताना एवढे करता येते : एक कमीत कमी, एक जास्तीत जास्त असे दोन संभाव्य आकडे धरावेत आणि निष्कर्ष दोन्हींत टिकतो का ते पाहावे. बंद घर नेहमी अधिक गरीबच असते असे मात्र धरू नये. खानापूर-आटपाडी भागातील कितीतरी माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात दूरच्या शहरांत गेली आहेत. कुलपामागे दोन्ही प्रकारची कुटुंबे असू शकतात. म्हणून अंदाजावर न थांबता पट्टा पडल्यावर, माणसे परतल्यावर, पुन्हा जाणे हाच खरा उपाय आहे.

आम्ही त्या संस्थेला तीनच प्रश्न लिहून पाठवले. मजुरीच्या सरासरीत भार डोक्यांचा की दिवसांचा? निर्देशांकातील घरखर्च कोणाचा आणि कोणत्या सालचा? दोनशेपैकी चाळीस घरे कोठे आहेत? पहिल्या दोन प्रश्नांवर त्यांनी कोष्टके दुरुस्त करून पाठवली, आणि ‘खरी मजुरी वाढली’ हे वाक्य काढून टाकले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळण्यासारखे नव्हते. एप्रिलअखेर माणसे गावी आली, तेव्हा आमच्यातील दोन विद्यार्थी तीच प्रश्नावली घेऊन त्या चाळीस घरांकडे निघाले.